पाच सौदे, एकच पूर: उघड्या जोखमीला एकत्र मर्यादा कशी घालायची

बेळगावच्या उद्यमबागेत ‘हीट’ म्हणजे भट्टीचा एक घाणा. आज किती हीट काढल्या, कुठल्या हीटचं कास्टिंग रिजेक्ट झालं, अशी बोलणी तिथं दिवसभर चालतात. माझा भाचा तिथंच सीएनसीवर आहे, त्यामुळे ‘पोर्टफोलिओ हीट’ हा शब्द मी पहिल्यांदा काढला तेव्हा त्याला हसू आलं. वर्षभरापासून तो शेअरमध्ये छोटे सौदे करतो. खरेदी करायची, काही दिवस ते काही आठवडे धरायचं आणि नुकसान थांबवायला आधीच ठरवलेला भाव, म्हणजे स्टॉप, लागला की बाहेर पडायचं, एवढंच. एका संध्याकाळी तो शहापूरला माझ्या दुकानात आला आणि मोबाइल पुढे करून म्हणाला, “मामा, प्रत्येकाला स्टॉप लावलाय की. एका सौद्यात एक टक्क्याच्या वर घालवायचं नाही म्हणालात, गेलोच नाही बघा.”

तो म्हणत होता ते खरं होतं. पाचही सौदे एकेकटे बघितले तर नाव ठेवायला जागा नव्हती. मी एवढंच विचारलं, “हे पाचही स्टॉप एकाच सकाळी लागले, तर किती जातील?” तो बराच वेळ मोबाइलकडं बघत राहिला. त्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे पोर्टफोलिओ हीट: आत्ता उघड्या असलेल्या सगळ्या सौद्यांची स्टॉपपर्यंतची जोखीम एकत्र केली, तर ती भांडवलाच्या किती टक्के होते.

पुढं सांगतोय ते रोखीनं घेतलेल्या डिलिव्हरीच्या शेअरपुरतं आहे. ऑप्शन विकणाऱ्याच्या जोखमीला स्टॉपसारखी ठरलेली रेघ नसते. ते गणित वेगळं आहे आणि नवख्यानं तिकडं फिरकू नये, असं माझं मत आहे.

आधी कागदावर उतरवा

भाच्याचं भांडवल 4,00,000 रुपये. एका सौद्यात जास्तीत जास्त एक टक्का, म्हणजे 4,000 रुपये जोखीम. त्याचे सौदे असे होते. कंपन्यांची नावं मुद्दाम देत नाही, कारण लोक हिशेब सोडून नावंच उचलतात.

| सौदा | नग | खरेदी | स्टॉप | गट | जोखीम (रु.) |
|---|---|---|---|---|---|
| साखर एक | 160 | 410 | 385 | साखर | 4,000 |
| साखर दोन | 650 | 92 | 86 | साखर | 3,900 |
| साखर तीन | 110 | 540 | 505 | साखर | 3,850 |
| सरकारी बँक | 320 | 250 | 238 | बँक | 3,840 |
| गाड्यांचे सुटे भाग | 55 | 1,150 | 1,080 | वाहन | 3,850 |

जोखीम म्हणजे खरेदीच्या भावातून स्टॉप वजा करून नगांनी गुणायचं. पहिल्या ओळीत 410 मधून 385 गेले की 25 उरतात, ते गुणिले 160 म्हणजे 4,000. सगळ्या ओळींची बेरीज 19,440 रुपये. चार लाखांवर ते 4.86 टक्के होतात. ही त्याची हीट.

मोबाइलवरच्या शीटमध्ये हे पाच मिनिटांत बसवता येतं. A मध्ये नाव, B मध्ये नग, C मध्ये खरेदी, D मध्ये स्टॉप, E मध्ये गट, F मध्ये जोखीम आणि H1 या चौकोनात भांडवल ठेवलं, तर सूत्रं अशी:

```
F2:  =MAX(0,(C2-D2)*B2)
H2:  =SUM(F2:F20)/H1
H3:  =SUMIF(E2:E20,"साखर",F2:F20)/H1
```

F2 चं सूत्र खालच्या ओळींत ओढून घ्या. H2 मध्ये एकूण हीट येते आणि H3 मध्ये साखर गटाची. दोन्हींना टक्क्यांचं रूप द्या. या शीटची एक खोड मला आवडते. D चा चौकोन रिकामा राहिला, तर शीट स्टॉप शून्य धरते आणि त्या शेअरची पूर्ण रक्कम जोखीम म्हणून दाखवते. ते बरोबरच आहे. ज्याला स्टॉप नाही, त्यातले सगळेच पैसे उघडे आहेत. मुलांच्या शिक्षणासाठी घेऊन ठेवलेले, कधीच न विकायचे शेअर असतील तर ते या शीटमध्ये आणू नका, आणि भांडवलातूनही वगळा. एकीकडं मोजायचे आणि दुसरीकडं लपवायचे, असं चालत नाही.

मर्यादा किती ठेवायची

माझी रीत अशी आहे: एका सौद्याला एक टक्का, एका गटाला दोन टक्के, सगळे मिळून पाच टक्के. हे आकडे कुठल्या कायद्यात लिहिलेले नाहीत. चार लाखांवर पाच टक्के म्हणजे वीस हजार. शेअर स्टॉपच्या खाली उघडले तर तेच तीस हजार होऊ शकतात, हे धरून चाला. भाच्याला मी विचारलं की एका दिवसात तीस हजार गेले तर दुसऱ्या दिवशी कामावर डोकं ठिकाणावर राहील का? तो म्हणाला, जड जाईल, पण राहील. म्हणून पाच. ज्याला तेवढंही झेपणार नाही त्यानं तीन ठेवावं. मर्यादा टक्क्यांत असल्यामुळं भांडवल घटलं की रुपयांतली मर्यादाही आपोआप घटते. पडत्या काळात ही गोष्ट फार कामी येते.

गटाला वेगळी मर्यादा, ही कल्पना माझी नाही. 1983 मध्ये शिकागोच्या रिचर्ड डेनिसनं काही नवख्यांना वायदे बाजारातले सौदे शिकवले, ते ‘टर्टल’ म्हणून ओळखले जातात. एकक म्हणजे ठरलेल्या मापाचा एक सौदा; त्यांना एका बाजारात जास्तीत जास्त 4 एकक घ्यायची मुभा होती, एकमेकांशी घट्ट बांधलेल्या बाजारांत मिळून 6 आणि एकाच दिशेला एकूण 12. घट्ट बांधलेले दोन बाजार धरले तर चार आणि चार मिळून आठ व्हायला हवेत, पण परवानगी सहाचीच. जे एकत्र पडतं ते एकत्रच मोजायचं, हा त्यामागचा विचार.

गट: खरी मेख इथंच आहे

भाच्याची एकूण हीट 4.86 टक्के, म्हणजे मर्यादेच्या आतच. पण साखरेच्या तीन ओळी मिळवून बघा: 4,000, 3,900 आणि 3,850. बेरीज 11,750, म्हणजे 2.94 टक्के. गटाच्या मर्यादेपेक्षा जवळजवळ एक टक्का जास्त.

“तीन वेगवेगळ्या कंपन्या आहेत की मामा,” तो म्हणाला. एक उत्तर प्रदेशातली, एक दक्षिणेतली, एकीचं इथेनॉल जास्त. निपाणीकडच्या माणसाला हे समजवायला फार शब्द लागत नाहीत. एखाद्याची शेती पाच तुकड्यांत आहे, प्रत्येक तुकड्यात वेगळं पीक आहे, पण पाचही तुकडे वेदगंगेच्या काठाला आहेत. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी आलं तेव्हा सोयाबीन कुठलं आणि ऊस कुठला, हे नदीनं बघितलं नाही.

साखरेच्या शेअरची नदी म्हणजे सरकारी धोरण. साखरेच्या निर्यातीला परवानगी, विक्रीचा किमान भाव, उसाची एफआरपी, इथेनॉलचे दर हे सगळं दिल्लीत ठरतं आणि सगळ्या कारखान्यांना एकदम लागू होतं. 7 डिसेंबर 2023 ला केंद्रानं त्या हंगामात उसाच्या रसापासून आणि सिरपपासून इथेनॉल करायला मनाई केली, आणि त्या दिवशी साखरेचे शेअर एकत्रच आपटले. 15 तारखेला 17 लाख टन साखरेच्या मर्यादेत थोडी मोकळीक मिळाली, पण ज्यांचे स्टॉप आधीच लागून गेले होते त्यांना त्याचा काय उपयोग?

तशी सकाळ भाच्याच्या तीन सौद्यांवर आली, तर काय होईल ते करून बघू. समजा तिन्ही शेअर साधारण नऊ टक्के खाली उघडले. साखर एकचा स्टॉप 385 ला आहे, पण भाव उघडला 373 ला. विक्री 373 ला होणार, नुकसान 37 रुपये गुणिले 160, म्हणजे 5,920. साखर दोन 84 ला उघडला, तर 8 गुणिले 650 म्हणजे 5,200. साखर तीन 491 ला, 49 गुणिले 110 म्हणजे 5,390. एकूण 16,510. कागदावरचे 2.94 टक्के प्रत्यक्षात 4.13 झाले, आणि तेही बाजार उघडल्याच्या पहिल्या मिनिटात. स्टॉप म्हणजे भावाची हमी नाही. गटातली जोखीम कागदावर दिसते त्यापेक्षा मोठी का धरायची, ते यावरून लक्षात येईल.

गट कसे ओळखायचे? कुठले शेअर किती एकत्र हलतात याच्या तक्त्यांच्या भानगडीत पडू नका. प्रत्येक सौद्यासाठी स्वतःला एक प्रश्न विचारा: कुठली एक बातमी आली तर हा शेअर एका रात्रीत दहा टक्के पडेल? ज्या दोन सौद्यांचं उत्तर एकच येतं, ते एका गटातले. बँक आणि घरकर्जाची कंपनी व्याजदरावर एकत्र हलतात. गाड्यांचे सुटे भाग करणारी कंपनी आणि त्यांना कास्टिंग पुरवणारी कंपनी, ट्रकची विक्री घसरली की एकत्रच घसरतात. नाव वेगळं, क्षेत्र वेगळं, पण नदी एकच.

आपल्या भागात हा घोटाळा जास्त होतो, असं माझं निरीक्षण आहे. हंगामात चिकोडी-संकेश्वरच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांमागं तासभर अडकलेल्या माणसाला साखरेतलं सगळं कळतं असं वाटू लागतं. गाळप कसं चाललंय ते त्याला खरंच कळतं. दिल्लीत उद्या काय निघणार, ते कळत नाही.

जास्त झालेली हीट उतरवताना

इथं बहुतेक जण एक पळवाट शोधतात. भाच्यानंही शोधली. “तिन्हींचे स्टॉप जरा वर ओढू का? 385 चा 395 करतो. आकडा बसतोय बघा.” आकडा बसतो, पण स्टॉप 385 ला का होता? मागच्या दोन आठवड्यांचा तळ 388 ला होता, म्हणून त्याच्या थोडा खाली. 395 ला काहीच नाही, तिथं शेअर रोज सहज येऊन जातो. शीटमधला आकडा सुंदर दिसावा म्हणून स्टॉप हलवला, तर रोजच्या हेलकाव्यातच तो लागणार. स्टॉपची जागा भावाच्या चालीवरून ठरते. हीट कमी करायची तर नग कमी करा.

मग तिन्हींतले थोडे थोडे विकायचे की एक पूर्ण काढायचा? दोन्ही चालतं. मी एक पूर्ण काढतो, आणि तोही सगळ्यात मरगळलेला. साखर तीन पंधरा दिवस खरेदीच्या आसपासच रेंगाळत होता. तो काढल्यावर साखरेची जोखीम 7,900 वर आली. मर्यादा 8,000 ची. एकूण हीट 15,590, म्हणजे 3.9 टक्के. नव्या सौद्यासाठी 4,410 रुपयांची जागा उरली, पण ती साखरेसाठी नाही.

वाटेत असलेल्या ऑर्डरीही मोजा

हे मी पैसे घालवून शिकलो. मे 2024 च्या शेवटच्या आठवड्यात माझे तीन सौदे उघडे होते, हीट 2.7 टक्के. शिवाय सरकारी कंपन्यांच्या चार शेअरवर खरेदीच्या जीटीटी, म्हणजे ठरलेला भाव आला की आपोआप जाणाऱ्या ऑर्डरी, लावून ठेवल्या होत्या, भाव ठरावीक उंची ओलांडून वर गेला तरच लागतील अशा. जास्तीत जास्त किती भावाला घ्यायचं याची लिमिट जरा सैल ठेवली होती. शीटमध्ये त्या चार ओळी नव्हत्याच, कारण शेअर अजून घेतलेच नव्हते.

सोमवारी, 3 जूनला, एक्झिट पोलच्या जोरावर बाजार उसळून उघडला. निफ्टी दिवसाअखेर तीन टक्क्यांहून वर. मी दुकानात गिऱ्हाईकाला पीव्हीसीचे एल्बो मोजून देत होतो, तेवढ्यात चारही जीटीटी लागल्या. हीट 6.7 टक्के झाली आणि मला ते संध्याकाळी कळलं. मंगळवारी मतमोजणी. निफ्टी जवळपास सहा टक्के पडून बंद झाला आणि सरकारी कंपन्यांना सगळ्यात जास्त मार बसला. भाव इतक्या वेगानं घसरत होते की विक्री स्टॉपच्या बरीच खाली झाली. माझे आठ टक्के गेले.

एकाच कारणानं चढणाऱ्या शेअरवरच्या खरेदीच्या ऑर्डरी एकाच दिवशी लागतात, एकेक करून नाही. म्हणून लावलेली प्रत्येक खरेदीची जीटीटी शीटमध्ये उघड्या सौद्यासारखीच लिहायची. जागा दोनचीच असेल, तर चार ऑर्डरी लावायच्या नाहीत.

नफ्यात आलेल्या सौद्याचं काय

समजा सरकारी बँक 250 वरून 290 ला गेली आणि स्टॉप 268 वर आणला. आता जोखीम किती? यावर दोन पंथ आहेत. एक म्हणतो शून्य, कारण स्टॉप लागला तरी 18 रुपये नफाच आहे. दुसरा म्हणतो 22 गुणिले 320, म्हणजे 7,040, कारण आज खात्यात दिसणारे तेवढे पैसे परत जाऊ शकतात.

दोन्ही बरोबर आहेत, पण मिसळायचे नाहीत. खरेदीच्या भावापासून मोजायचं असेल, तर भांडवलही कागदी नफा सोडून धरा: टाकलेले पैसे, अधिक-उणे बंद झालेल्या सौद्यांचा नफा-तोटा, म्हणजे चार लाखच. आजच्या भावापासून मोजायचं असेल, तर भांडवल 4,12,800 धरायला हरकत नाही, पण मग जोखमीत 7,040 घ्यायलाच हवेत. गडबड होते ती अशी: ॲपमध्ये वर दिसणारा कागदी नफ्यासकटचा मोठा आकडा भांडवल म्हणून घेतला जातो आणि त्याच सौद्याची जोखीम मात्र शून्य धरली जाते. दोन्हीकडून सूट. चढत्या बाजारात असं करत गेलं की जागा वाढतच जाते, आणि बाजार वळतो तेव्हा पोतं काठोकाठ भरलेलं असतं.

नवख्यानं पहिली रीत धरावी, ती सोपी आहे. सूत्रातला MAX त्यासाठीच आहे. स्टॉप खरेदीच्या वर गेला की जोखीम शून्य, उणे नाही. बँकेत 5,760 पक्के झाले म्हणून ते साखरेच्या जोखमीतून वजा करायचे नाहीत, कारण पडत्या उघडीत ते पक्के राहतीलच असं नाही. मी दुसऱ्या रीतीचा आकडाही रविवारी बघतो, आणि तो आठ टक्क्यांवर गेला की नवी खरेदी थांबवतो.

स्टॉप खरंच लागणार आहे ना?

सगळा हिशेब स्टॉप पाळला जाईल या एका गृहीतावर उभा आहे, म्हणून ते तपासून घ्या. भाच्याच्या खात्यावर डीडीपीआय, म्हणजे शेअर विकले की ते खात्यातून द्यायची ब्रोकरला दिलेली कायमची परवानगी, नव्हतं. त्यामुळे डिमॅटमधले शेअर विकायचे तर त्याला टीपिन आणि ओटीपी टाकून परवानगी द्यावी लागते. सव्वानऊला बाजार उघडतो तेव्हा तो मशीनवर असतो, मोबाइल लॉकरमध्ये. विक्रीची जीटीटी ट्रिगर झाली असती, पण परवानगी नाही म्हणून रद्द होऊन पडली असती. डीडीपीआयचा फॉर्म ब्रोकरकडं एकदाच भरला की ही अडचण संपते.

दुसरं, जीटीटी ट्रिगर झाली की सहसा लिमिट ऑर्डर बाजारात जाते. ट्रिगर 385 आणि लिमिट 384.50 ठेवली, आणि शेअर 373 ला उघडला, तर ऑर्डर तशीच लटकत राहते आणि भाव खाली जात राहतो. लिमिट ट्रिगरच्या बरीच खाली ठेवा. 365 ठेवली म्हणून 365 लाच विकलं जाईल असं नाही, त्या वेळचा जो चांगला भाव असेल तो मिळतो. आणि दिवसाला पाच टक्क्यांच्याच चढ-उताराची मुभा, म्हणजे पाच टक्क्यांचं सर्किट, असलेला छोटा शेअर खालच्या सर्किटला अडकला, तर घेणाराच नसतो आणि स्टॉप कागदावरच राहतो. अशा शेअरच्या ओळीत मी स्टॉपपर्यंतची जोखीम दुप्पट लिहितो.

उरलेल्या 4,410 रुपयांत भाच्यानं पुढच्या आठवड्यात सिमेंटचा एक शेअर बसवला, घेण्याआधी शीट मला दाखवून. आणि तो साखर तीन, जो मी काढायला लावला, तो पंधरवड्यात 575 ला गेला. दुकानात चहा प्यायला आला की ते तो मला अजून ऐकवतो.